कृतीतून अपूर्णांक: सत्राअखेरीचा अहवाल व्यवस्थापनापुढे कसा ठेवावा

प्रश्न: पाचवीच्या ३६ मुलांना मी या सत्रात अपूर्णांक पूर्णपणे कृतीतून शिकवले. कागदी पट्ट्या, घड्या, गटकाम असं सगळं केलं. सुरुवातीला आणि शेवटी दहा प्रश्नांची चाचणी घेतली, सरासरी ३.५ वरून ६.१ वर गेली. मुलांकडून ‘कसं वाटलं’ याच्या चिठ्ठ्याही लिहून घेतल्या, पण बहुतेकांनी ‘खूप मजा आली’ एवढंच लिहिलंय. आता व्यवस्थापनाला अहवाल द्यायचा आहे. निष्पत्ती आणि मुलांचे अभिप्राय कसे मांडू?

उत्तर:

सरासरी पहिल्या पानावरून काढा. हवी तर परिशिष्टात ठेवा, पण अहवालाची सुरुवात तिने करू नका. ३.५ वरून ६.१ हे ऐकायला बरं वाटतं, मात्र त्यातून कुणालाच काही कळत नाही. दहापैकी कुठले अडीच प्रश्न मुलांना नव्याने यायला लागले? सगळ्यांना थोडं थोडं आलं, की निम्म्यांना भरपूर आलं आणि उरलेली जिथे होती तिथेच राहिली? बैठकीत बसलेल्या माणसांना चार गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. मुलांना आता काय करता येतं, कोण मागे राहिलं, त्यासाठी किती तासिका गेल्या आणि बाईंना आमच्याकडून काय हवंय. सरासरी यातल्या एकाचंही उत्तर देत नाही, म्हणून ती ऐकून लोक मान डोलावतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात.

तेव्हा उत्तरपत्रिका पुन्हा काढा. दोन-तीन संध्याकाळींचं काम आहे, पण अहवालाचा कणा तिथेच आहे. मी खाली नमुन्याचे आकडे आणि नमुन्याच्या चिठ्ठ्या वापरतो. तुमच्या वर्गाचे आकडे वेगळे निघतील, रीत तीच राहील.

पहिली चाळणी हजेरीची. पटावर ३६ मुलं असली तरी दोन्ही चाचण्यांना बसलेली किती? समजा ३२. मग अहवालात फक्त या ३२ मुलांचीच मोजणी करायची आणि उरलेल्या चौघांचा उल्लेख एका ओळीत करायचा. एरवी होतं असं की पहिल्या चाचणीला असलेली आणि दुसरीला गैरहजर राहिलेली मुलं, बरेचदा हीच मागे पडणारी मुलं, दुसऱ्या सरासरीतून गळतात आणि आपोआप प्रगती दिसते. कुणी फसवलेलं नसतं, पण आकडा फसवा असतो. समितीत कुणी हिशेब बघणारा माणूस असेल तर तो पहिला प्रश्न हाच विचारतो.

दुसरं, टक्केवारी टाळा. ३२ मुलांत एक मूल म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त. ‘४७ टक्के वाढ’ असं लिहिलं की ते मोठं सर्वेक्षण असल्यासारखं वाटतं. ‘११ मुलांना येत होतं, आता २६ जणांना येतं’ हे वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वर्ग उभा करतं.

आता खरं काम. दहा प्रश्नांपैकी एकेक कल्पना तपासणारे चार प्रश्न निवडा आणि प्रत्येक मुलाची दोन्ही वेळची उत्तरं शेजारी ठेवून त्याला चारपैकी एका रकान्यात टाका: दोन्ही वेळा बरोबर, आधी चूक मग बरोबर, आधी बरोबर मग चूक, दोन्ही वेळा चूक. तक्ता असा होईल:

| कल्पना | दोन्ही वेळा बरोबर | चूक → बरोबर | बरोबर → चूक | दोन्ही वेळा चूक |
|---|---|---|---|---|
| १/४ की १/६, मोठा कोणता, कारणासह | १० | १६ | १ | ५ |
| तीन असमान तुकड्यांपैकी एक रंगवला तर तो १/३ का? | १३ | १४ | १ | ४ |
| १/२ + १/४ | ४ | १५ | ० | १३ |
| ५/४ संख्यारेषेवर दाखवा | १ | ४ | २ | २५ |

या एका तक्त्यात सरासरीने झाकलेलं सगळं उघडं पडतं. पहिल्या दोन ओळींत पद्धतीने काम केलंय. तिसरीत निम्म्याहून थोडी जास्त मुलं पार झाली. चौथीत जवळजवळ काहीच घडलेलं नाही. ही चौथी ओळ लपवायची नाही, उलट अहवालातलं तुमचं सगळ्यात बळकट पान तिच्यावरच उभं राहणार आहे. त्याकडे येतो.

त्याआधी पहिल्या ओळीत थोडं खोल जाऊ, कारण निष्पत्ती म्हणजे नुसतं बरोबर उत्तर नाही. पूर्वचाचणीत चुकलेल्या २१ मुलांनी काय लिहिलं होतं ते पाहा. बहुतेकांनी ‘१/६ मोठा, कारण ६ मोठे’ असंच लिहिलं असणार. पूर्ण संख्यांची सवय मुलं अपूर्णांकांवर चढवतात, हे जगभरच्या वर्गांत दिसतं. पट्टीला घड्या घालताना तुकडे वाढले की बारीक होतात हे हाताला कळतं आणि ही चूक सुटते. इथवर ठीक. पण उत्तरचाचणीत ‘१/४ मोठा’ असं बरोबर लिहिणाऱ्यांची कारणंही वाचा. ‘चार तुकडे केले तर प्रत्येक तुकडा मोठा येतो’ हे कारण वेगळं, आणि ‘अपूर्णांकात उलटं असतं’ हे वेगळं. दुसऱ्या मुलाने जुना नियम टाकून नवा नियम पाठ केलाय, एवढंच. पट्टी त्याच्या डोक्यात शिरलेली नाही.

हे ओळखण्याची सोपी खूण सांगतो. त्या मुलांना विचारा, २/३ मोठा की ४/५? ‘छेद लहान तो अपूर्णांक मोठा’ असा नियम धरून बसलेलं मूल २/३ म्हणेल, आणि ते चूक आहे. तुकड्यांचा विचार करणारं मूल म्हणेल की दोन्हीकडे पूर्ण व्हायला एकच तुकडा कमी आहे, आणि पाचातला तुकडा बारीक, म्हणजे ४/५ पूर्णाच्या जास्त जवळ. हा एक प्रश्न तुम्ही अजूनही पाच मिनिटांत फळ्यावर लिहून घेऊ शकता. त्याचं उत्तर अहवालात असं येईल: ‘कारणासह बरोबर उत्तर देणाऱ्या २६ मुलांपैकी अमुक जणांना २/३ आणि ४/५ यांची तुलनाही जमली.’ हा आकडा २६ पेक्षा बराच कमी निघेल, याची तयारी ठेवा. कमी निघाला तरी तो द्या.

चाचण्यांबद्दल दोन गोष्टी अहवालात एकेका ओळीत सांगाव्या लागतील. दोन्ही वेळा तेच आकडे होते का? तेच असतील तर काहींना उत्तर नुसतं आठवलं असेल. आकडे बदलले असतील तर सापळा तोच ठेवला होता का, हे बघा. १/४ आणि १/६ च्या जागी २/५ आणि २/७ चालतं, कारण मोठ्या आकड्याकडे ओढलं जाणारं मूल दोन्हीकडे सारखंच फसतं. पण १/४ आणि १/६ च्या जागी १/५ आणि ३/४ दिलं, तर मुलाला चुकीच्या विचारानेही बरोबर उत्तर मिळू शकतं, आणि मग झालेली वाढ तुमच्या शिकवण्याची की प्रश्न सोपा झाल्याची हे सांगता येत नाही. दुसरं, उत्तरचाचणीच्या वेळी पट्ट्या हाताशी होत्या का? होत्या तर तसं लिहा. पट्टी घेऊन जमणं हीसुद्धा निष्पत्तीच आहे, पण परीक्षेत पट्टी नसते, हे व्यवस्थापनाला ठाऊक असतं.

चाचणी घटक संपल्यावर लगेच झाली की काही आठवड्यांनी, हेही सांगा. लगेच झाली असेल तर सुटीनंतर हेच चार प्रश्न वेगळ्या आकड्यांनी पुन्हा घेणार असल्याचं अहवालात नोंदवा, तारखेसकट. तारीख लिहिली की घेतली जाते.

एक मोह टाळा. पहिल्या चाचणीत सर्वांत मागे असलेल्या दहा मुलांची प्रगती सर्वांत जास्त झाली, असं तुम्हाला बहुधा दिसेल आणि ते ठळक अक्षरांत लिहावंसं वाटेल. पण तळाशी असलेल्यांत काही मुलं त्या दिवशी बरं नसल्याने, घाईत, प्रश्न नीट न वाचल्याने तिथे गेलेली असतात. दुसऱ्या वेळी ती काही न शिकवताही वर येतात. त्याउलट वरची काही मुलं थोडी खाली येतात. म्हणून ‘मागे असलेल्यांना सर्वाधिक फायदा’ हे वाक्य तुमच्या ३२ मुलांवरून सिद्ध होत नाही. त्यापेक्षा दोन्ही वेळा चुकलेली मुलं चारही ओळींत तीच आहेत का, हे पाहा. समजा तिघं-चौघं प्रत्येक ओळीत शेवटच्या रकान्यात आहेत. त्यांना बहुधा अपूर्णांकांच्याही आधीचं काही अडतंय, समान वाटणी किंवा भागाकार. ही माहिती मुख्याध्यापकांच्या खरंच कामाची आहे. नावं अहवालात नकोत, त्यांना स्वतंत्रपणे द्या.

आता चौथी ओळ. ५/४ का जमलं नाही? मुलं कमी पडली म्हणून नाही. पट्टी म्हणजे एक पूर्ण, तिचे चार तुकडे केले, त्यातले पाच घे, असं म्हटलं तर मूल रास्तच विचारतं की पाचवा तुकडा आणू कुठून. आपण वापरलेलं साधनच एकापाशी संपतं. घडीच्या पट्टीवर सत्रभर काम केलेल्या वर्गात अंशाधिक अपूर्णांक मागे राहणं हे साधनाच्या मर्यादेमुळे होतं, आणि ते असंच लिहायचं. आणखी एक मर्यादा त्याच जातीची: घडीत घडी घालून अर्धे, चतुर्थांश, अष्टमांश सहज होतात, पण तृतीयांशाला कसरत करावी लागते आणि पंचमांश तर घडीने नेमका आणणं फारच अवघड, मोजपट्टी घ्यावी लागते. साहजिकच मुलांचा सराव दोन, चार, आठ अशा छेदांवर जास्त होतो. बेरजेच्या ओळीत १/२ + १/४ जमलेल्या १९ मुलांना १/२ + १/३ दिलं तर किती टिकतील? मला शंका आहे. बऱ्याच ठिकाणी २/५ हे उत्तर पुन्हा डोकं वर काढतं: वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली.

अहवालातली तुमची मागणी इथूनच निघते. ‘अधिक साहित्य मिळावं’ ही मागणी कुणी वाचत नाही. ‘५/४ सारख्या अपूर्णांकांसाठी जमिनीवर ० ते ३ पर्यंतची संख्यारेषा लागेल, २४ सेंमीची एक पट्टी हा एकक धरला तर ७२ सेंमीची रेषा, दर तीन मुलांमागे एक, आणि चार तासिका’ ही मागणी वाचली जाते, कारण ती तक्त्यातल्या एका ओळीचं उत्तर आहे. २४ का, तर २, ३, ४, ६, ८ यांनी भाग जातो. अष्टमांश सोडून पंचमांश हवे असतील तर ६० सेंमीची पट्टी घ्यावी लागते, मग रेषा फारच लांब होते आणि ती वर्गाबाहेर मांडावी लागते. हा निर्णय तुमचा, पण कारण एका वाक्यात द्या.

आता चिठ्ठ्या. ‘खूप मजा आली’ हे मुलांनी दिलेलं उत्तर प्रश्नाला साजेसंच आहे. ‘कसं वाटलं’ विचारलं, छान वाटलं म्हणून सांगितलं. त्यात बाईंना बरं वाटावं ही भावनाही असते. या चिठ्ठ्या टाकू नका, मोजा आणि एका ओळीत लिहा: इतक्यांनी आवडल्याचं लिहिलं. त्याहून जास्त वजन त्यांना देऊ नका. पंचवीस चिठ्ठ्यांचं कोलाज करून जोडलेलं मी पाहिलंय. बघणारे हसतात, खूश होतात, आणि कुणालाही काही कळलेलं नसतं.

अजून वेळ असेल तर पंधरा मिनिटं काढून नव्या चिठ्ठ्या घ्या. मी हे तीन प्रश्न देतो. पहिला: पट्ट्यांवर काम करण्याआधी अपूर्णांकांबद्दल तुला काय वाटायचं, जे आता वाटत नाही? दुसरा: तुला काहीच कळत नव्हतं अशी एखादी वेळ आठव, तेव्हा गटात काय चाललं होतं? तिसरा: १/४ आणि १/६ मधला मोठा कोणता, हे धाकट्या भावंडाला कसं समजावशील? चित्र काढलं तरी चालेल. ‘काय आवडलं नाही’ असं थेट विचारू नका. मुलांना ती बाईंची तक्रार वाटते आणि कागद कोरा येतो. दुसऱ्या प्रश्नातून तेच आडवाटेने येतं.

चिठ्ठ्या शक्यतो दुसऱ्या शिक्षकांनी गोळा कराव्यात, तुम्ही वर्गाबाहेर असावं. नाव नको, पण मागे एक क्रमांक असावा, कारण चिठ्ठी आणि उत्तरपत्रिका जोडून पाहिल्याशिवाय अभिप्रायाला अर्थ येत नाही. इथे थोडी ओढाताण आहे हे खरं. क्रमांक असला की मूल पूर्ण मोकळं होत नाही, नसला तर जोड लागत नाही. मी क्रमांकाच्या बाजूने आहे, फक्त क्रमांकांची यादी दुसऱ्या शिक्षकांकडेच ठेवायची आणि मुलांना ते आधी सांगायचं. चिठ्ठीतली काही वाक्यं मोठ्या माणसांच्या बैठकीत वाचली जाणार आहेत, हेही सांगायचं. ज्याला नको असेल त्याने कोपऱ्यात फुली मारावी. लिहिण्यात मागे असलेल्या मुलांकडून तोंडी ऐकून जसंच्या तसं उतरवून घ्या आणि अहवालात ‘सांगितलेलं लिहून घेतलं’ अशी खूण करा. नाहीतर ज्यांना लिहिता येतं त्यांचेच अभिप्राय व्यवस्थापनापर्यंत पोचतात.

चिठ्ठ्या आल्या की टेबलावर पसरा आणि चार गठ्ठे करा. आपली कल्पना कशी बदलली हे सांगणाऱ्या एकीकडे, अडचण सांगणाऱ्या दुसरीकडे, गटाबद्दल बोलणाऱ्या तिसरीकडे, आणि नुसती आवड-नावड असलेल्या चौथ्या गठ्ठ्यात. समजा १४, ७, ६ आणि ५ निघाल्या. हे आकडे अहवालात द्यायचे, आणि प्रत्येक गठ्ठ्यातून एक-दोन चिठ्ठ्या उद्धृत करायच्या. कुठल्या? गठ्ठा पिसून वरची घ्या. आपण ‘चांगली’ चिठ्ठी शोधायला लागलो की नेमकी आपलं कौतुक करणारीच हाताला लागते. पिसून काढलेली चिठ्ठी अगदीच निरर्थक निघाली तर पुढची घ्या, पण निवड कशी केली हे एका वाक्यात लिहा. त्या वाक्यामुळे बाकीचं सगळं विश्वासार्ह होतं.

आणि चिठ्ठ्यांचं वेगळं पान करू नका. ‘मुलांचे बोल’ असं शेवटी सजवलेलं पान म्हणजे अभिप्रायांना शोभेच्या वस्तू बनवणं. प्रत्येक चिठ्ठी ती ज्या ओळीबद्दल बोलते त्या ओळीखाली ठेवा. पहिल्या ओळीखाली अशी चिठ्ठी बसेल:

‘आधी मला वाटायच सहावा मोठा कारन सहा मोठे. मग घडी घातली तर तुकडे बारीक बारीक झाले.’

शुद्धलेखन सुधारू नका. सुधारलं की मुलाचा आवाज जातो आणि वाचणाऱ्याला वाटतं बाईंनीच लिहिलंय. (फक्त अगदीच वाचता येत नसेल तर कंसात शुद्ध रूप द्या.) तिसऱ्या ओळीखाली कदाचित ही येईल: ‘पट्ट्या असल्या तर बेरीज येते. वहीत नाही येत.’ या एका वाक्यातून १३ जण का अडले याचा धागा मिळतो: पट्टीपासून अंकांपर्यंतचा पूल अजून बांधलेला नाही. पट्टी, मग पट्टीचं चित्र, मग आकडे, या क्रमातल्या मधल्या पायरीला किती तासिका दिल्या होत्या ते पाहा आणि शेजारी लिहा. मधली पायरी बहुधा घाईत उरकलेली असते.

गटाच्या गठ्ठ्यातली चिठ्ठी आकड्यांत कुठेच दिसत नाही, म्हणून तिची किंमत वेगळी. ‘आमच्या गटात तीच सगळ करते. मी बघतो.’ सहा मुलांच्या गटात पट्टी एक आणि हात दोन किंवा फार तर चार. बाकीची बघतात. सहापैकी चार-पाच चिठ्ठ्या हेच म्हणत असतील तर गट तीन मुलांचे करा आणि त्यासाठी पट्ट्यांचे संच दुप्पट लागतील असं मागणीत लिहा. इथे चिठ्ठीतून थेट निर्णय निघाला. अभिप्राय घेण्याचा उपयोग एवढाच आणि एवढा मोठा आहे.

चिठ्ठी उत्तरपत्रिकेशी जोडून पाहताना एक गोष्ट हमखास दिसेल. काही मुलं ‘मला सगळं समजलं’ असं लिहितात आणि चाचणीत तेच चुकलेली असतात. त्यांची संख्या लिहा. ती लबाडी नसते. घडी घालताना खरंच समजल्यासारखं वाटतं. उलटही दिसेल, ‘मला जमत नाही’ म्हणणारं मूल सगळं बरोबर सोडवून बसलेलं. फक्त या ठिकाणी चिठ्ठी उद्धृत करू नका, कारण लहान वर्गात कोण ते लगेच ओळखू येतं. ओळख पटेल असे तपशील, घरची परिस्थिती, शेजारच्या मुलाचं नाव, हे उद्धृत करताना गाळा आणि गाळलं तिथे तीन टिंबं द्या.

तासिकांबद्दल स्पष्ट बोला. कृतीतून शिकवताना वेळ जास्त जातो, हे व्यवस्थापनाला आधीच माहीत असतं, आणि अहवालात त्यावर मौन पाळलं की तीच चर्चा होते. नियोजन १६ तासिकांचं होतं, लागल्या २२, त्यामुळे कोणता घटक पुढच्या सत्रात गेला आणि तो कधी भरून काढणार, एवढं पुरे. सहा तासिका कशात गेल्या हेही लिहिता आलं तर उत्तम. पट्ट्या कापण्यातच दोन गेल्या असतील तर पुढच्या वर्षी त्या कापूनच ठेवता येतील, म्हणजे तो वाढीव वेळ कायमचा नाही, हे वाचणाऱ्याला कळतं.

मग अहवालाचा पहिला परिच्छेद साधारण असा होईल:

‘इयत्ता पाचवीच्या ३६ मुलांपैकी ३२ मुलांनी अपूर्णांकांच्या दोन्ही चाचण्या दिल्या, पुढील आकडे त्यांचेच आहेत. दोन अपूर्णांकांतील मोठा कोणता हे कारणासह सांगणारी मुलं सत्राच्या सुरुवातीला ११ होती, शेवटी २६ आहेत. साध्या बेरजा ४ मुलांना येत होत्या, आता १९ मुलांना येतात. एकापेक्षा मोठे अपूर्णांक मात्र केवळ ५ मुलं संख्यारेषेवर दाखवू शकतात. वापरलेलं साधन यासाठी अपुरं पडलं. घटकाला नियोजनापेक्षा ६ तासिका जास्त लागल्या. पुढील सत्रासाठी दोन मागण्या पान २ वर आहेत.’

बैठकीत एखाद्याने एवढंच वाचलं तरी त्याला सगळं मिळालं. त्याखाली तक्ता, तक्त्याच्या ओळींखाली चिठ्ठ्या, मग तासिका, मग मागण्या. दोन पानांत बसवा. परिशिष्टात दोन्ही प्रश्नपत्रिका आणि एकाच मुलाच्या आधीच्या व नंतरच्या उत्तराची छायाप्रत, नाव झाकून. फोटो हवेच असतील तर दोन पुरेत आणि तेही मुलांच्या कामाचे, चेहऱ्यांचे नव्हेत. पद्धतीची ओळख करून देणारा परिच्छेद, शिक्षणतज्ज्ञांची वचनं, हे सगळं गाळा. ते वाचायला कुणी बसलेलं नसतं.

बैठकीत एक प्रश्न नक्की येईल: दुसऱ्या तुकडीत नेहमीच्या पद्धतीने शिकवलं, मग त्यांचं काय? इथे घाईने तुलना करू नका. त्या तुकडीची पूर्वचाचणी झालेली नसेल तर त्यांच्या शेवटच्या गुणांवरून काहीच ठरत नाही. शिक्षक वेगळे, मुलं वेगळी, सुरुवातीची पातळी अज्ञात. सत्र सरल्यावर मुलांना काही ना काही जास्त येतंच, त्यातलं किती कृतीमुळे हे एका वर्गावरून नेमकं सांगता येत नाही, असं स्वच्छ सांगा. आणि लगेच पुढचा प्रस्ताव ठेवा: पुढच्या सत्रात दशांश अपूर्णांक सुरू होण्याआधी दोन्ही तुकड्यांना दशांशांचे सारखेच चार प्रश्न द्यायचे, त्यातला एक ०.३५ मोठा की ०.४ हा असावा, आणि घटक संपल्यावर तीन आठवड्यांनी तशाच सापळ्याचे चार. दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकांशी बैठकीआधीच बोलून ठेवा, म्हणजे हा प्रस्ताव त्यांना आपल्यावरची परीक्षा वाटणार नाही. उत्तरपत्रिका तुम्ही त्यांच्या तपासायच्या आणि त्यांनी तुमच्या.